दिवस शून्य कुठला?

केसपेपरवर काय लिहितात, असं पेशंट अनेकदा विचारतात. "डॉक्टर, मी एवढं सगळं सांगितलं आणि तुम्ही चारच ओळी लिहिल्या!" ही तक्रार तर नेहमीची. आज मी उलट बाजूची तक्रार मांडणार आहे. वैद्यकीय जर्नलकडे पाठवायच्या केस रिपोर्टमध्ये आम्ही डॉक्टरच फार लिहितो, आणि लिहितो तेही चुकीच्या क्रमाने.

केस रिपोर्ट म्हणजे एका पेशंटची हकिगत, जी वाचून दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला आपल्या पेशंटमध्ये तोच आजार ओळखता यावा. त्यातला सुरुवातीचा भाग म्हणजे 'हिस्टरी', आजाराचा पूर्वापार वृत्तांत. मागे आमच्या विभागातल्या एका निवासी डॉक्टरने असा एक रिपोर्ट लिहून माझ्याकडे तपासायला आणला. त्यातली हिस्टरी दुरुस्त करताना जे घडलं ते सांगतो. पेशंटची लेखी परवानगी आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पेशंट चाळिशीतल्या एक बाई. आम्ही त्यांना ताई म्हणू. ताप, अंगभर लाल पुरळ, सुजलेला चेहरा आणि पिवळे झालेले डोळे घेऊन त्या दाखल झाल्या होत्या. मूळ मसुदा इंग्रजीत होता. मराठीत त्याचा नमुना असा:

"रुग्ण या एक कष्टाळू गृहिणी असून नऊ दिवसांपासून त्यांना थंडी वाजून ताप येत होता. गावातील डॉक्टरांनी तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन दिले, परंतु ती गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठले व खाज सुटली, म्हणून रुग्ण अत्यंत घाबरल्या. नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्यांनी लिंबाचा पाला टाकून अंघोळ केली, परंतु आराम पडला नाही. दोन दिवसांपासून चेहऱ्यावर सूज व काल डोळे पिवळे दिसल्याने त्या रुग्णालयात आल्या. गेल्या आठवड्यात शेजारी डेंग्यूचा रुग्ण होता. पूर्वेतिहास: चेहऱ्याच्या मज्जातंतूची वेदना, महिन्याभरापासून कार्बामाझेपिन. मधुमेह, रक्तदाब नाही."

वाचायला काही वाईट नाही. उलट ताई डोळ्यांसमोर उभ्या राहतात. पण यातून आजार कशाने झाला हे ठरवायचं म्हटलं, तर वाचणारा थेट ॲझिथ्रोमायसिनकडे बोट दाखवील. गोळी घेतली, पुरळ आलं. आणि तसं ठरवलं तर तो चुकेल.

मसुद्यातला पहिला दोष म्हणजे तो मागे मोजतो. "नऊ दिवसांपासून ताप", "दोन दिवसांपासून सूज", "काल डोळे पिवळे". केसपेपरवर असंच लिहितात आणि ते योग्यही आहे, कारण तिथे मोजणी दाखल झाल्याच्या दिवसापासून मागे जाते. पेशंटही तसंच सांगतात. "कधीपासून ताप आहे?" असा प्रश्न विचारल्यावर कुणी तारीख सांगत नाही, "झाले की आठ-नऊ दिवस" असंच म्हणतो. पण जर्नल वाचणारा माणूस ताईंच्या खाटेशेजारी उभा नसतो. "गेल्या आठवड्यात" म्हणजे दाखल होण्याआधीच्या की लिहिण्याआधीच्या, हे त्याला कळत नाही. त्याला सुरुवातीपासून पुढे यावं लागतं.

मग सुरुवात कुठली? हा सगळ्यात मोठा प्रश्न होता. निवासी डॉक्टरने ताप आला तिथून सुरुवात केली, कारण ताईंनीही तिथूनच केली होती. त्यांच्या दृष्टीने आजार तापानेच सुरू झाला. गालात वीज चमकल्यासारखी कळ मारायची, तिची गोळी चालू होती, पण तो 'वेगळा' आजार होता आणि गोळीने बरंही वाटत होतं. म्हणून ती गोळी हकिगतीच्या शेपटीला, 'पूर्वेतिहास' या रकान्यात जाऊन बसली. औषधांची माहिती या रकान्यात गेली की ती काळाच्या बाहेर जाते, हा माझा अनुभव आहे. "मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कार्बामाझेपिन चालू आहे" हे एका दमात वाचलं जातं आणि विसरलं जातं.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. औषधाने अंगावर उठणारं साधं पुरळ साधारणपणे नवं औषध सुरू केल्यापासून ४ ते १४ दिवसांत येतं. पण 'ड्रेस' नावाची एक गंभीर प्रतिक्रिया आहे. हे नाव १९९६ साली दिलं गेलं. ते लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप आहे, कपड्यांशी त्याचा संबंध नाही. त्यात ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी, रक्तातल्या इओसिनोफिल या पेशींची वाढ आणि यकृतासारख्या आतल्या अवयवाला इजा, असं सगळं किंवा यातलं बरंचसं एकत्र येतं. ही प्रतिक्रिया उशिरा येते, औषध सुरू केल्यापासून बहुधा २ ते ८ आठवड्यांनी. फिट्सवरची काही औषधं, युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल, डॅप्सोन, सल्फाची औषधं ही त्यातली नेहमीची नावं. कार्बामाझेपिन त्यात अगदी वर आहे.

म्हणजे या आजारात दिवसांची मोजणी हाच पुराव्याचा मोठा भाग असतो. रक्ताची एखादीच तपासणी करून "हे कार्बामाझेपिनमुळे" असं शिक्कामोर्तब करता येत नाही. पहिली गोळी आणि पहिलं लक्षण यांत किती दिवस गेले, हे पाहावं लागतं. म्हणून मी मसुद्यावर पहिली खूण केली: कार्बामाझेपिनची पहिली गोळी घेतली तो दिवस शून्य. तिथून पुढे मोजायचं.

निवासी डॉक्टर म्हणाला, "सर, तारीख नाही मिळत. चिठ्ठी हरवलीय. महिन्याभरापासून, एवढंच सांगतात."

'महिना' चालत नाही. पेशंटचा महिना तीन आठवड्यांचा असू शकतो आणि दोन महिन्यांचाही. मग आम्ही दोघं ताईंकडे गेलो. एव्हाना त्या बऱ्या झाल्या होत्या आणि फेरतपासणीला आल्या होत्या. मी तारीख विचारलीच नाही. विचारलं, "गणपतीत गोळी चालू होती का?"

"गणपतीत नाही. गौरींचं सगळं मीच केलं, तेव्हा गाल नुसता ठणकत होता. घासही चावता येत नव्हता. गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. त्याच रात्री पहिली गोळी."

"आणि ताप?"

"तिसऱ्या माळेला. आरतीला उभी होते आणि थंडी भरली."

कॅलेंडर काढलं. गौरी-विसर्जनाचा दुसरा दिवस ते नवरात्राची तिसरी माळ, बरोबर २२ दिवस. ज्या बाईंना 'तारीख सांगता येत नव्हती', त्यांना दिवस नक्की माहीत होता. आपल्याकडची माणसं सण, बाजार, पेरणी, मुलांची परीक्षा यांच्या आधाराने काळ लक्षात ठेवतात. आम्ही तारीख विचारतो आणि मग 'रुग्णास नीट सांगता येत नाही' असं लिहून मोकळे होतो.

आता पुरळ. ताई ठाम होत्या: गावच्या डॉक्टरांनी तापाची गोळी दिली, दुसऱ्या दिवशी अंग लाल झालं. ॲझिथ्रोमायसिनची चिठ्ठी सापडली होती, ती २४व्या दिवसाची. म्हणजे पुरळ २५व्या दिवशी. मी तसंच लिहायला निघालो होतो. पण ताईंसोबत आलेली मुलगी म्हणाली, "आई, नाही गं. चौथ्या माळेच्या फोटोत तुझ्या मानेवर दिसतंय बघ." नवरात्रात दर दिवसाच्या रंगाची साडी नेसून फोटो काढायची पद्धत आता घरोघरी आहे. मुलीने फोन काढला. फोटोवर तारीख होती, २३व्या दिवसाची. मानेवर आणि कानामागे लाल ठिपके स्पष्ट दिसत होते. ॲझिथ्रोमायसिनची पहिली गोळी पोटात जाण्याच्या आदल्या दिवशी.

ताई खोटं बोलत नव्हत्या. खाज सुटली आणि पुरळ अंगभर पसरलं तेव्हा त्यांचं लक्ष गेलं, आणि मनाने ते सगळ्यात जवळच्या नव्या गोष्टीला जोडलं. आपण सगळेच असं करतो. पण या एका फोटोने हकिगतीतली दोन वाक्यं जागा बदलून गेली, आणि ती बदलल्यावर संशयितही बदलला.

इथे माझं मत ठासून सांगतो, कारण यावर आमच्या विभागात वाद झाला. आम्हाला शिकवतात की हिस्टरी 'थोडक्यात' लिहा. म्हणून तरुण डॉक्टर लांबलचक मसुदा घेतात आणि त्यातली वाक्यं कापत सुटतात. कष्टाळू गृहिणी गेली, लिंबाचा पाला गेला, घाबरणं गेलं. मसुदा निम्मा होतो, भाषा आखीव होते, आणि "ॲझिथ्रोमायसिननंतर पुरळ" ही चूक जशीच्या तशी शिल्लक राहते. आता ती जास्त खरी वाटते, कारण आजूबाजूचा पसारा गेलेला असतो. म्हणून आधी कापू नये. आधी प्रत्येक घटनेपुढे दिवस लिहावा आणि तो दिवस कशावरून ठरवला हेही लिहावं: चिठ्ठी, फोटो, बिल, लॅबचा कागद की नुसती आठवण. पसारा नंतर आपोआप गळतो, कारण ज्या वाक्याला दिवस लावता येत नाही आणि ज्याने निदानात काही फरक पडत नाही, ते स्वतःच बाजूला पडतं.

काय ठेवायचं यावरही मतभेद झाले. लिंबाच्या पाल्याची अंघोळ काढावी असं मलाही आधी वाटलं. मग ठेवली, अर्ध्या ओळीत. अंगाला काही लावलं होतं का, पोटात काही जडीबुटी घेतली होती का, हा प्रश्न यकृताला इजा झालेल्या पेशंटच्या बाबतीत वाचणारा विचारणारच. "पोटात काहीही घेतलं नाही" हे ताईंना मुद्दाम विचारून लिहिलं. शेजारचा डेंग्यूही ठेवला, पण हिस्टरीत नाही. तो तपासण्यांच्या भागात गेला, कारण त्याच्यामुळे डेंग्यूची तपासणी केली आणि ती निगेटिव्ह आली. 'कष्टाळू' आणि 'अत्यंत घाबरल्या' हे मात्र गेलं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, अशाने माणूस हरवतो आणि उरतो तो दिवसांचा हिशेब. त्यांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. केस रिपोर्ट कसे लिहावेत यासाठी २०१३ साली 'केअर' नावाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. त्यात घटनांचा कालक्रम हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि पेशंटचं स्वतःचं म्हणणं हाही स्वतंत्र मुद्दा आहे. ताईंची भीती तिथे, त्यांच्याच शब्दांत यावी. ती आम्ही हिस्टरीत 'अत्यंत' हे विशेषण लावून मांडली, तर ना ती ताईंची राहते, ना वाचणाऱ्याच्या कामाची.

दुसरा धोका मला जास्त वाटतो. तो म्हणजे निदान कळल्यावर हकिगत लिहिणं. माझ्या पहिल्या दुरुस्तीत मीच लिहून बसलो होतो, "२३व्या दिवशी कार्बामाझेपिनमुळे पुरळ उठले." त्या दिवशी 'मुळे' हे कुणालाच माहीत नव्हतं. हिस्टरीत फक्त "पुरळ दिसले" एवढंच हवं. 'मुळे'ची जागा चर्चेच्या भागात असते, आणि तिथे त्याची बाजू मांडावी लागते. तसंच, ताईंनी ताप आल्यावर पहिल्या दिवसापासून घरातली पॅरासिटामॉल घेतली होती. फोटोच्या आधी ती पोटात गेली होती, म्हणजे फोटोमुळे तिची सुटका होत नाही. ती गाळून टाकली असती तर गोष्ट कशी चोख झाली असती! पण ती लिहायलाच हवी होती. सोबत हेही लिहिलं की पूर्वी अनेकदा ती घेऊन त्यांना काही झालं नव्हतं.

शेवटी हिस्टरी अशी झाली:

"चाळिशीतील महिला, पूर्वी औषधांची ॲलर्जी नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वेदनेसाठी कार्बामाझेपिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले (दिवस ०). दिवस ७ पासून मात्रा २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दिवस २२: थंडी वाजून ताप, स्वतःहून पॅरासिटामॉल, जे पूर्वी त्रासाविना घेतले होते. दिवस २३: मानेवर व कानामागे लाल पुरळ (तारीख असलेल्या छायाचित्रावरून). दिवस २४ ते २६: ॲझिथ्रोमायसिन, या काळात पुरळ धड व हातांवर पसरले. अंगाला कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी लावले. पोटात वनौषधी घेतली नाही. दिवस २९: चेहऱ्यावर सूज. दिवस ३०: डोळे पिवळे. दिवस ३१: दाखल. कार्बामाझेपिन तोपर्यंत चालू होते. दिवस ३२ रोजी बंद केले."

यात खऱ्या तारखा नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्या मुद्दाम नाहीत. गाव, व्यवसाय आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र छापली की ओळखीचा माणूस सहज ओळखतो. 'दिवस २३' लिहिल्याने अंतर कळतं आणि पेशंट झाकलेला राहतो.

यातलं शेवटचं वाक्य आमच्यासाठी अवघड होतं. कार्बामाझेपिन दाखल झाल्याच्या दिवशी बंद झालं नाही, दुसऱ्या दिवशी झालं. त्या पहिल्या संध्याकाळी केसपेपरवर 'चालू औषधे सुरू ठेवणे' असं लिहिलं गेलं आणि ताईंना रात्रीची गोळी मिळाली. निवासी डॉक्टरने मसुद्यात "दाखल होताच औषध बंद केले" असं लिहिलं होतं. त्याने मुद्दाम फसवलं नव्हतं, त्याला तसंच आठवत होतं. नर्सिंगचा औषधांचा तक्ता काढला तेव्हा रात्री नऊची सही सापडली. आठवण ताईंना फसवते तशी आम्हालाही फसवते, आणि आमची फसवणूक नेहमी आमच्याच सोयीची असते. दिवस ३२ असंच छापायचं ठरलं.

पुढचा भाग लवकर आटोपतो. दाखल होताना इओसिनोफिल २४०० होते, एरवी ते ५०० च्या आत असतात. यकृताचं एक एन्झाइम, एसजीपीटी, ४१२ होतं, ते साधारण ४० च्या आत हवं. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, कावीळ यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. दिवस ३३ पासून प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि ते आठवड्यांमागून आठवडे, अगदी सावकाश कमी केलं. ड्रेसमध्ये औषध बंद केल्यावरही काही दिवस त्रास वाढू शकतो, आणि स्टिरॉइड घाईने उतरवलं तर आजार उलटतो. दिवस ६८ ला एसजीपीटी नॉर्मल आलं. काही महिन्यांनी थायरॉइडची तक्रार उद्भवू शकते म्हणून तीही तपासणी केली, ती ठीक निघाली.

ताईंच्या हातात आम्ही एक कार्ड दिलं आहे. त्यावर कार्बामाझेपिनसोबत फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन आणि ऑक्सकार्बाझेपिन यांचीही नावं आहेत, कारण रचनेने ती जवळची असल्याने तीच प्रतिक्रिया पुन्हा येऊ शकते. ॲझिथ्रोमायसिन त्यावर नाही. पहिल्या मसुद्याप्रमाणे कार्ड लिहिलं असतं, तर त्यावर नेमकं तेच एक नाव असतं, आणि घरी गेल्यावर गालाची कळ उठली की कपाटातली उरलेली पाकिटं होतीच.

जर्नलकडे पाठवण्याआधी मी ताईंना हिस्टरी मराठीत वाचून दाखवली. हे मी नेहमी करतो. परवानगीच्या कागदावर सही घेताना त्यांना कळायला हवं की आपण कशावर सही करतोय. त्यांनी शांतपणे ऐकलं. 'दिवस ३०' पर्यंत मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "घट बसले त्या दिवशी माझा निरंकार उपास होता. त्या दिवशी गोळी नव्हती घेतली. ते लिहिलंत का?"

लिहिलं नव्हतं. 'दिवस २० रोजी दोन्ही मात्रा घेतल्या नाहीत' एवढं वाक्य वाढवलं आणि पाठवून दिलं.